पेनिसिलिनमध्ये जगलेला जिवाणू: पेशीरचनेच्या तक्त्यातून सुटलेलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी शिकवते त्या प्रयोगशाळेत प्राण्यांच्या पेशी प्लास्टिकच्या चपट्या फ्लास्कमध्ये वाढवल्या जातात. काम पदव्युत्तर विद्यार्थी करतात आणि पहिल्या वर्षाची मुलं ठरल्या दिवशी येऊन निरीक्षण करतात. पेशी 'व्हेरो' नावाच्या आहेत. आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून 1962 मध्ये जपानमध्ये त्या पहिल्यांदा वाढवल्या गेल्या. एस्पेरांतो भाषेत हिरव्या मूत्रपिंडाला 'वेर्दा रेनो' म्हणतात, त्यातून हे नाव आलं. या पेशी तळाला चिकटून चपट्या पसरतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पेशीद्रव्य आणि केंद्रक छान वेगवेगळे दिसतात. शिकवायला म्हणूनच मला त्या आवडतात.

त्या ज्या द्रव माध्यमात वाढतात त्यात ग्लुकोज, अमिनो आम्लं, क्षार आणि दहा टक्के सीरम असतं. आम्लता कळावी म्हणून फिनॉल रेड हा रंगही असतो. माध्यम आम्लधर्मी झालं की ते लालवरून पिवळ्याकडे झुकतं आणि अल्कधर्मी झालं की गुलाबी होतं. याशिवाय पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही दोन प्रतिजैविकं आम्ही नेहमीच घालत असू. फ्लास्कमध्ये जिवाणू शिरलाच तर तो मरावा आणि माकडाच्या पेशींना मात्र काही होऊ नये, एवढाच हेतू.

एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने या पेशींपासून एक खास वाण तयार केला होता. त्यात तंतुकणिका, म्हणजे माइटोकॉन्ड्रिया, हिरव्या चमकतील अशी सोय होती. त्यासाठीचा जनुक केंद्रकात बसवलेला होता. प्रथिन बाहेर पेशीद्रव्यात तयार होऊन तंतुकणिकेत जाऊन बसायचं. तिचा सगळा प्रकल्प याच वाणावर उभा होता. हा तपशील पुढे फार उपयोगी पडला.

अडचण

व्हेरो पेशी साधारण दिवसाला एकदा विभागतात. फ्लास्कमधल्या पेशींचा चौथा हिस्सा नव्या फ्लास्कमध्ये घातला, तर तिसऱ्या दिवशी तळ पेशींनी भरून जायचा. तो आता सहाव्या दिवशीही नीट भरत नव्हता. पेशी मेलेल्या नव्हत्या, पण कडा खरबरीत दिसत होत्या आणि काहींच्या आत बारीक दाणे दिसत होते. माध्यम स्वच्छ होतं, जराही गढूळ नव्हतं. रंग पिवळा पडण्याऐवजी नेहमीपेक्षा गुलाबीच राहत होता.

विद्यार्थिनीने आधी सीरमची बाटली बदलली आणि मग इन्क्युबेटरचं तापमान व कार्बन डायऑक्साइड तपासला. दोन्हींत दोष नव्हता. जंतुसंसर्गाची शंका तिने काढली तेव्हा पहिल्या वर्षाची एक मुलगी शेजारी उभी होती. तिच्या वहीत जिवाणूची पेशी आणि दृश्यकेंद्रकी, म्हणजे पटलात बंद केंद्रक असलेली, पेशी यांतल्या फरकाचा तक्ता होता. आकार, केंद्रक, पेशीभित्तिका, रायबोसोम आणि पटलवेष्टित अंगकं अशा पाच ओळी त्यात होत्या. ती म्हणाली, "मॅडम, माध्यमात पेनिसिलिन आहे. पेनिसिलिन भित्तिका बनू देत नाही आणि जिवाणूला तर भित्तिका असतेच. मग इथे जिवाणू असूच शकत नाही ना?"

मी म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

तिची तर्काची साखळी नीट जुळलेली होती, पण तिची एक कडी कच्ची होती. ती माझ्याही लक्षात आली नाही. त्या होकाराने आमचे तीन आठवडे गेले.

पहिला निर्णय: नेहमीच्या तीन चाचण्या

तरीही खात्री करायची म्हणून आम्ही तीन सोप्या गोष्टी केल्या. त्या का चुकल्या हे समजून घेण्यातच या प्रकरणाचा निम्मा अर्थ आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

पहिली चाचणी डोळ्यांनी बघण्याची. ई. कोलायसारखा जिवाणू फ्लास्कमध्ये वाढला तर मिलीलिटरमागे एक कोटीच्या पुढे गेल्यावर माध्यम गढूळ दिसू लागतं. आमचं माध्यम पारदर्शक होतं. चारशेपट वर्धनाखाली पेशींमध्ये काही ठिपके थरथरताना दिसले, पण मेलेल्या पेशींचा चुराही असाच थरथरतो. आम्ही तो चुराच मानला.

दुसरी चाचणी ग्रॅम रंजनाची. 1884 मध्ये निघालेली ही पद्धत आजही पहिल्या वर्षाला शिकवली जाते. जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणं आणि शेवटी गुलाबी सॅफ्रॅनिन. पेप्टिडोग्लायकन या जाळीदार पदार्थाची जाड भित्तिका असलेले जिवाणू जांभळा रंग धरून ठेवतात. पातळ भित्तिका असलेल्यांचा जांभळा धुऊन जातो आणि ते गुलाबी दिसतात. आम्ही तुलनेसाठी ई. कोलायची काचपट्टीही रंगवली. तिच्यावर गुलाबी कांड्या सुरेख दिसल्या. फ्लास्कच्या काचपट्टीवर माकडाच्या पेशींची मोठी गुलाबी केंद्रकं दिसली. जिवाणू म्हणावं असं काही दिसलं नाही.

तिसरी चाचणी वाढवून बघण्याची. माध्यमाचे काही थेंब जिवाणूंच्या नेहमीच्या पोषक द्रवात टाकून 37 अंशांवर 48 तास ठेवले. द्रव काचेसारखा स्वच्छ राहिला.

तीन नकारांनंतर आम्ही जिवाणूचा विचार सोडला आणि पुन्हा सीरम, पाणी, प्लास्टिक यांच्या मागे लागलो.

वळण

चौथ्या आठवड्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी नोंदवही चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "तुमच्या तीनपैकी कोणती चाचणी भित्तिका नसलेला जिवाणू पकडू शकली असती?"

एकही नाही.

मायकोप्लाझ्मा हा जिवाणूंचा गट भित्तिकेशिवाय जगतो. तो पूर्णपणे जिवाणूच आहे. त्याला केंद्रक नाही, त्याचा डीएनए पेशीद्रव्यात मोकळा असतो आणि रायबोसोम जिवाणूंचेच असतात. फक्त पेशीपटलाबाहेरची पेप्टिडोग्लायकनची जाळी त्याच्या पूर्वजांनी गमावली आहे. पेशीसंवर्धनात तो घुसतो हे 1956 पासून माहीत आहे. मलाही ते माहीत होतं. समोरच्या फ्लास्कशी त्याचा संबंध मी जोडला नव्हता.

आता पेनिसिलिनचं कोडं सुटतं. पेप्टिडोग्लायकनचे धागे एकमेकांना आडवे जोडणाऱ्या विकरांना पेनिसिलिन अडवतं. वाढत्या जिवाणूची भित्तिका मग ठिकठिकाणी कमकुवत होते आणि आतल्या दाबाने पेशी फुटते. माकडाच्या पेशीला भित्तिकाच नाही, म्हणून तिला पेनिसिलिनचं भय नाही. नेमकं त्याच कारणाने मायकोप्लाझ्मालाही नाही. म्हणजे या एका ओळीत जिवाणू आणि प्राणिपेशी एकाच बाजूला बसले होते.

उलट बाजूही पाहा. बुरशीला कायटिनची भित्तिका असते, वनस्पतींना सेल्युलोजची, आणि दोघीही दृश्यकेंद्रकी आहेत. पेनिसिलिन त्यांच्या भित्तिकांना काही करत नाही, कारण त्यांत पेप्टिडोग्लायकन नसतं. तेव्हा 'भित्तिका आहे की नाही' हा प्रश्न जिवाणू ओळखायला फारसा कामाचा नाही. भित्तिका असेल तर ती कशाची आहे, हा प्रश्न उपयोगाचा.

माध्यम गढूळ का झालं नाही, याचं उत्तर आकारात आहे. हा हिशेब मी मुलांकडून फळ्यावर करून घेतला. मायकोप्लाझ्माचा व्यास साधारण 0.3 मायक्रोमीटर धरला, तर त्याचं घनफळ 0.014 घन मायक्रोमीटर येतं. एक मायक्रोमीटर रुंद आणि दोन लांब अशी ई. कोलायची कांडी साधारण दीड घन मायक्रोमीटरची, म्हणजे शंभरपट मोठी. तळापासून सोडवून गोल झालेली व्हेरो पेशी 15 मायक्रोमीटर व्यासाची धरली, तर तिचं घनफळ सुमारे 1,770 घन मायक्रोमीटर. तिच्या एकटीच्या जागेत ई. कोलायच्या हजाराहून अधिक पेशी मावतील आणि मायकोप्लाझ्माच्या सव्वा लाख. एवढ्या बारीक पेशी कोट्यवधी असल्या तरी त्या प्रकाश फारसा विखुरत नाहीत. प्रकाशावर चालणाऱ्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाला एकमेकांपासून 0.2 मायक्रोमीटर अंतरावरच्या दोन गोष्टी जेमतेम वेगळ्या दाखवता येतात. त्यामुळे 0.3 मायक्रोमीटरचा जीव त्याच्या क्षमतेच्या काठावरच असतो.

पोषक द्रवात तो का वाढला नाही? भित्तिका नसल्याने पाण्याच्या दाबाचा सगळा भार एकट्या पेशीपटलावर येतो. बहुतेक मायकोप्लाझ्मा या पटलात कोलेस्टेरॉल बसवून त्याला बळकटी आणतात. कोलेस्टेरॉल प्राणिपेशींच्या पटलाचं वैशिष्ट्य आहे आणि सामान्य जिवाणूंच्या पटलात ते नसतं. मायकोप्लाझ्माला ते स्वतः तयार करता येत नाही, तो सीरममधून उचलतो. आमच्या फ्लास्कमध्ये दहा टक्के सीरम होतं, पोषक द्रवात थेंबभरही नव्हतं.

पर्याय

शंका आता ठोस होती. ती सिद्ध कशी करायची, यासाठी तीन वाटा होत्या.

खास माध्यमावर वसाहती वाढवणं ही जुनी आणि भरवशाची वाट. सीरम आणि यीस्टचा अर्क घातलेल्या अगारवर मायकोप्लाझ्माच्या बारीक वसाहती येतात, मध्ये गडद आणि कडेला फिकट. पण त्याला दोन ते चार आठवडे लागतात आणि तेवढा वेळ आम्ही आधीच घालवला होता.

पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत, एका दिवसात उत्तर देतं. त्यात रायबोसोमच्या लहान उपएककातल्या आरएनएचा जनुक शोधतात. जिवाणूंत तो 16 एस असतो, दृश्यकेंद्रकींच्या पेशीद्रव्यातल्या रायबोसोममध्ये 18 एस. 'एस' म्हणजे स्वेडबर्ग, अपकेंद्रित्रात एखादा कण किती वेगाने खाली बसतो त्याचं माप. वजनासारखी त्याची बेरीज होत नाही. म्हणून 30 एस आणि 50 एस मिळून जिवाणूचा 70 एस रायबोसोम होतो, आणि 40 एस व 60 एस मिळून आपला 80 एस. मुलांना ही बेरीज नेहमी खटकते आणि खटकायलाच हवी.

तिसरी वाट डीएनए रंजनाची. हेक्स्ट 33258 हा रंग डीएनएला चिकटला की अतिनील प्रकाशात निळा चमकतो. मायकोप्लाझ्मा शोधण्यासाठी त्याचा वापर 1977 पासून होतो आहे. याला भित्तिका लागत नाही, वाढ लागत नाही, फक्त डीएनए कुठे आहे ते दिसलं की पुरे.

आम्ही पीसीआर आणि रंजन दोन्ही करायचं ठरवलं. नुसतं पीसीआर केलं असतं तरी उत्तर मिळालं असतं. पण पहिल्या वर्षाच्या मुलांना पीसीआरनंतर जेलवर उमटणाऱ्या एका पट्ट्यातून पेशीची रचना दिसत नाही. रंजनात ती दिसते, म्हणून मी त्याचा आग्रह धरला.

कृती

आच्छादन काचांवर पेशी वाढवल्या. काही काचांवर संशयित फ्लास्कमधल्या आणि काहींवर दुसऱ्या विभागातून आणलेल्या, तपासून निर्दोष ठरलेल्या व्हेरो पेशी. तळ पूर्ण भरू दिला नाही, कारण पेशी दाटीवाटीने बसल्या की त्यांच्यामधली मोकळी जागा दिसत नाही. एरवी या रंजनाआधी पेशी मिथेनॉल आणि अॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात स्थिर करतात. पण त्या मिश्रणात हिरव्या प्रथिनाची चमक जाते. म्हणून हिरव्या वाणाच्या काचा आम्ही फॉर्मल्डिहाइडने स्थिर केल्या.

निर्दोष काचेवर काळ्या पार्श्वभूमीत मोठी, अंडाकृती, निळी केंद्रकं दिसली. प्रत्येक पेशीत एक, कडा रेखीव. केंद्रकाबाहेर सगळं काळं. डीएनए दुहेरी पटलाच्या आत कोंडलेला असणं म्हणजे काय, हे या चित्रापेक्षा चांगलं कुठल्याच आकृतीत मी पाहिलेलं नाही.

संशयित काचेवरही केंद्रकं तशीच होती. पण त्यांच्याभोवती निळ्या ठिपक्यांची धूळ पसरली होती. ठिपके पेशीच्या कडेवर ओळीने बसले होते, पेशीद्रव्यावर विखुरले होते आणि दोन पेशींमधल्या मोकळ्या जागेतही होते.

तीच मुलगी नेत्रिकेला डोळा लावून होती. तिने विचारलं, "मॅडम, तंतुकणिकेतही डीएनए असतो ना? मग हे ठिपके तंतुकणिका नसतील कशावरून?"

या वेळी मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. शंका रास्त होती. तंतुकणिकेला स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो आणि स्वतःचे रायबोसोम असतात. ते रायबोसोम आपल्या 80 एसपेक्षा जिवाणूंच्या रायबोसोमच्या जवळचे आहेत. तंतुकणिका मुळात दुसऱ्या पेशीत जाऊन राहिलेल्या जिवाणूपासून आल्या, असं त्यामुळेच मानतात. म्हणजे तक्त्यातली रायबोसोमची ओळही म्हणावी तितकी सरळ नाही. दृश्यकेंद्रकी पेशीत 80 एस असतात हे खरं, पण तिच्या पोटात दुसऱ्या जातीचे रायबोसोमही असतात.

उत्तर आम्ही तीन बाजूंनी काढलं. पहिली बाजू डीएनएच्या प्रमाणाची. माणसाच्या तंतुकणिकेतल्या डीएनएच्या एका वर्तुळात 16,569 बेसजोड्या असतात आणि माकडातही जवळपास तेवढ्याच. मायकोप्लाझ्माच्या डीएनएत साधारण 6 ते 10 लाख. म्हणजे एका वर्तुळाच्या तुलनेत चाळीस ते साठपट. तंतुकणिकेचा डीएनए या रंजनात अंधूक दिसतो किंवा दिसतच नाही, आणि हे ठिपके तर ठळक होते. दुसरी बाजू तुलनेच्या काचेची. तिथल्या पेशींतही तंतुकणिका होत्याच, पण त्याच प्रकाशात आणि तेवढ्याच वेळात ठिपके उमटले नव्हते.

तिसरी बाजू हिरव्या वाणाची, आणि मला तीच सगळ्यांत पटली. त्या काचेवर तंतुकणिका हिरव्या धाग्यांसारख्या केंद्रकाभोवती पसरलेल्या होत्या. निळं आणि हिरवं चित्र एकावर एक ठेवलं, तेव्हा निळे ठिपके हिरव्या धाग्यांवर पडत नव्हते. बरेचसे तर पेशीच्या बाहेरच्या कडेला होते आणि तिथे हिरवं काहीच नव्हतं. तंतुकणिका पेशीबाहेर बसत नाही. मुलीने ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि मग वहीतल्या तक्त्यात 'पेशीभित्तिका: असते' या ओळीपुढे 'बहुधा' असं लिहिलं.

पीसीआरमध्ये अपेक्षित जागी पट्टा आला. निर्दोष पेशींच्या आणि नुसत्या पाण्याच्या नमुन्यात तो आला नाही. पट्ट्याचा क्रम वाचून घेतला, तो मायकोप्लाझ्मा ओरालेशी जुळला. ही जात माणसाच्या तोंडात राहते. ती ऊर्जेसाठी ग्लुकोज नाही, तर आर्जिनिन हे अमिनो आम्ल फोडते आणि त्यातून अमोनिया सुटतो. माध्यम पिवळं न पडता गुलाबी राहिलं, त्याचा मेळ इथे लागला. पेशी मंद झाल्या याचाही, कारण त्यांच्या वाटणीचं आर्जिनिन दुसरंच कोणी संपवत होतं. मंद पेशी आम्लही कमी तयार करतात, त्यामुळे गुलाबी रंगाचं सगळं श्रेय अमोनियाला देता येणार नाही.

दुसरा निर्णय: टाकायचं की वाचवायचं

साध्या व्हेरो फ्लास्कबद्दल प्रश्नच नव्हता. ते ऑटोक्लेव्हच्या दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करून टाकले, इन्क्युबेटर रिकामा करून पुसला आणि पेशी नव्याने मागवल्या.

हिरवा वाण मात्र पुन्हा बनवायला काही महिने लागणार होते. द्रव नायट्रोजनमध्ये त्याच्या गोठवलेल्या कुप्या होत्या. सर्वांत जुनी कुपीसुद्धा तपासणीत बाधित निघाली. म्हणजे वाण बनवला तेव्हाच मूळ पेशी बाधित होत्या. मायकोप्लाझ्मा गोठवण्याने मरत नाही, पेशींसोबत तोही जपला जातो. आता औषध देऊन वाण वाचवायचा का, आणि कोणतं द्यायचं, हे ठरवायचं होतं.

स्ट्रेप्टोमायसिन माध्यमात आधीपासून होतं. ते 70 एस रायबोसोमच्या लहान उपएककाला धरतं आणि मायकोप्लाझ्माचे रायबोसोम 70 एसच असतात. मग ते का लागू पडलं नाही? ज्या फ्लास्कमध्ये हे औषध कायम असतं, तिथे ते सोसणारेच मायकोप्लाझ्मा मागे उरतात. लक्ष्य जागेवर असतं, पण त्यात झालेल्या छोट्याशा बदलाने औषध तिथे बसत नाही. रचनेतला फरक औषधाला वाट देतो, खात्री देत नाही.

टेट्रासायक्लिन गटातली औषधं मायकोप्लाझ्मावर चालतात. तीही जिवाणूंच्या रायबोसोमवर काम करतात. पण ती तंतुकणिकेतल्या रायबोसोमलाही त्रास देतात, आणि आमचा तर प्रकल्पच तंतुकणिकांवर होता. उपचारानेच आम्ही मोजायची गोष्ट बिघडवली असती. हा पर्याय विद्यार्थिनीने स्वतः बाजूला काढला आणि तिचं कारण अचूक होतं.

उरलं सिप्रोफ्लॉक्सासिन. जिवाणूचा डीएनए वर्तुळाकार असतो आणि पीळ देऊन आटोपशीर ठेवलेला असतो. तो पीळ सांभाळणाऱ्या डीएनए गायरेज या विकराला हे औषध अडकवतं. आपल्या केंद्रकात डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि पीळ सोडवणारी विकरं वेगळ्या घडणीची असतात, म्हणून योग्य मात्रेत पेशी तग धरतात. मात्रा वाढली की तंतुकणिकेतल्या विकरांनाही धोका असतोच. आम्ही मिलीलिटरला 10 मायक्रोग्रॅम घेतलं आणि दोन आठवडे, दर माध्यमबदलाला ताज्या औषधासह, चालवलं. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन काढून टाकलं. एकाच वेळी तीन औषधं असली तर कोणतं काय करतंय हे कळत नाही.

निष्पत्ती

औषध थांबवल्याबरोबर तपासणी केली तर उत्तर फसवं येऊ शकतं. मरायला टेकलेले थोडे जिवाणू चाचणीच्या पकडीखाली राहतात आणि पुढे पुन्हा वाढतात. म्हणून आणखी दोन आठवडे पेशी कुठल्याही प्रतिजैविकाविना वाढवल्या आणि मग रंजन व पीसीआर दोन्ही केलं. दोन्ही नकारात्मक आले. महिन्याभराने पुन्हा केलं, तेव्हाही नकारात्मक. तळ परत तिसऱ्या दिवशी भरू लागला.

तरीही त्या वाणावर नवीन मोजमापं करायची नाहीत असं आम्ही ठरवलं. आर्जिनिनच्या उपासमारीत महिनोन् महिने टिकलेल्या आणि मग औषधातून तरलेल्या पेशी मूळ पेशींसारख्याच आहेत, असं म्हणायला आधार नव्हता. वाचलेला वाण शिकवण्याच्या काचांसाठी ठेवला. विद्यार्थिनीने निर्दोष पेशींपासून नवा हिरवा वाण बनवला आणि आधीच्या तीन महिन्यांची मोजमापं प्रबंधातून वगळली. हा निर्णय तिला जड गेला. मला तो आजही योग्य वाटतो.

जिवाणू आला कुठून, हे पक्कं सांगता येत नाही. मूळ कुपी दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून तपासणीविना आली होती आणि आम्हीही ती न तपासता वापरात घेतली. उघड्या फ्लास्कसमोर बोलण्यातूनही ही जात पसरू शकते.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक तुलनेच्या नमुन्यात होती. ग्रॅम रंजनात ई. कोलाय ठेवून आम्ही रंग चालतात एवढंच सिद्ध केलं. भित्तिका नसलेला जिवाणू त्या पद्धतीत कसा दिसतो, हे आम्ही विचारलंच नाही. 'काही दिसलं नाही' असं लिहिण्याआधी, असतं तर या पद्धतीने दिसलं असतं का, हे तपासायला हवं होतं.

दुसरं, प्रतिजैविकं कायम घालण्याची सवय. भित्तिका असलेला एखादा जिवाणू शिरला असता तर दोन दिवसांत माध्यम गढूळ झालं असतं आणि निर्जंतुकतेतली ढिलाई तेव्हाच उघड झाली असती. प्रतिजैविकांनी ढळढळीत दिसणारे जिवाणू मारले आणि न दिसणारा तेवढा राखला. आता आमचे साठ्याचे फ्लास्क प्रतिजैविकांविना चालतात. बाहेरून आलेली प्रत्येक कुपी वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये वाढवून, पीसीआर झाल्यावरच आत येते.

गाळणीवरही आमचा फाजील भरवसा होता. माध्यम 0.22 मायक्रोमीटर छिद्रांतून गाळलं की निर्जंतुक झालं, असं आम्ही धरून चालत होतो. ताठ भित्तिकेची पेशी त्या छिद्रापाशी अडते. भित्तिका नसलेली पेशी लवचीक असते, दाबाखाली ती आकार बदलून पार जाऊ शकते. सीरमसाठी म्हणूनच आता 0.1 मायक्रोमीटरची गाळणी घेतो.

आणि तो तक्ता. मी तो आजही शिकवते, पण ओळींचा क्रम बदलला आहे. डीएनए पटलाच्या आत आहे की पेशीद्रव्यात मोकळा, ही ओळ पहिली येते, कारण या प्रकरणात शेवटपर्यंत टिकली ती तीच. भित्तिकेची ओळ आता 'पेप्टिडोग्लायकन' या शब्दाने सुरू होते आणि तिच्याखाली मायकोप्लाझ्माचं नाव असतं. रायबोसोमच्या ओळीत दृश्यकेंद्रकींच्या रकान्यात 80 एसच्या खाली तंतुकणिकेसाठी वेगळी जागा ठेवलेली असते. आकाराची ओळ मी काढून टाकणार होते, कारण अपवाद फार आहेत. पहिल्या वर्षाच्या त्या मुलीने ती ठेवायला लावली. घनफळाचा हिशेब केला नसता तर स्वच्छ माध्यमाने आपण पुन्हा फसलो असतो, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते मला खोडून काढता आलं नाही.